‘जाते’ नको, ‘येते’ म्हण: वर्षभर घरी राहिलेल्या परदेशी विद्यार्थ्याला निरोपाचं पत्र कसं लिहावं

विद्यार्थी अदलाबदल कार्यक्रमात आलेली परदेशी मुलं बहुतेक करून जुलै-ऑगस्टात येतात आणि पुढच्या वर्षी जून-जुलैत परत जातात. म्हणजे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत ती पावसात उतरतात आणि पावसातच निघतात. मधे गणपती, दिवाळीतले किल्ले, संक्रांत, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि आंबे एवढं सगळं होऊन जातं. शेवटच्या आठवड्यात घरात कुणीतरी म्हणतं, "तिला काहीतरी लिहून द्यायला पाहिजे." आणि निघायच्या आदल्या रात्री एक शुभेच्छापत्र आणून त्यावर "तुझ्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा" लिहून चौघे सह्या करतात.

ते पत्र ती मुलगी किती वेळा उघडेल याचा विचार करा. त्या वाक्यात तिचं काहीच नाही, शिवाय ‘उज्ज्वल’ हा शब्द तिला वाचतासुद्धा येणार नाही. खाली दिलेली रीत यजमान कुटुंबासाठी आहे. उदाहरण म्हणून जर्मनीहून आलेली सतरा वर्षांची मुलगी धरू. घरात तिला सोनू म्हणतात असं समजा. ती बऱ्यापैकी मराठी बोलते, देवनागरी अडखळत वाचते, आणि घरच्या बाईंना ‘काकू’ म्हणते.

काय लागेल

दोन कोरे जाड कागद, काळं पेन, एक पाकीट, पाकीट मावेल अशी प्लास्टिकची पिशवी आणि आवाज रेकॉर्ड करता येईल असा मोबाईल. फोटो द्यायचाच तर एक, छापलेला. याशिवाय एक छोटी वही लागेल, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

१. तीन आठवडे आधी वही ठेवा

ही वही स्वयंपाकघरात ठेवा. वर्षभरातलं त्या मुलीचं जे आठवेल ते घरातल्या प्रत्येकाने त्यात एका ओळीत टिपायचं. "ती खूप प्रेमळ आहे" असली ओळ चालणार नाही. डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी गोष्ट पाहिजे: छत्री दाराच्या कोणत्या बाजूला टेकवायची, पहिल्यांदा मिरची खाल्ल्यावर काय केलं, कन्नड शाळेतल्या मैत्रिणीकडून कुठला शब्द उचलला, शिवजयंतीच्या रात्री गल्लीतल्या पोरांबरोबर किती वाजेपर्यंत जागी राहिली.

तीन आठवडे का, तर आठवणी एकदम येत नाहीत. पहिल्या दिवशी सगळे सणच लिहितात. सण सगळ्यांचे सारखेच असतात, त्यात ती मुलगी दिसत नाही. चार-पाच दिवसांनी मग रोजच्या जगण्यातल्या गोष्टी वर यायला लागतात, आणि पत्राला त्याच लागतात.

आजी-आजोबांना लिहायचा कंटाळा असतो. त्यांनी जेवताना सांगावं, नातवाने टिपावं.

२. एकच धागा निवडा

वहीत तीस-चाळीस ओळी जमतात आणि मग सगळ्याच पत्रात घालायचा मोह होतो. तसं केलं की पत्राची यादी होते: गणपतीत हे केलंस, दिवाळीत ते केलंस, सहलीला गेलो, गोकाकचा धबधबा बघितला. यादी वाचून कुणाला काही वाटत नाही.

अशी एकच गोष्ट घ्या जी वर्षाच्या सुरुवातीला तिला जमत नव्हती आणि शेवटी जमायला लागली. त्यात वर्ष आपोआप येतं. भाकरी हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात भिजवून तळहाताने रेटून रेटून मळावं लागतं. पाणी कोमट असलं किंवा मळणं कमी पडलं की थापताना कड फाटते. परदेशी मुलीच्या पहिल्या दहा भाकऱ्या अशाच फाटतात. पीठ हाताला ओळखीचं झालं, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी नीट फिरवता आलं आणि उलटून निखाऱ्यावर किंवा गॅसवर धरली की एक दिवस भाकरी टम्म फुगते. तो दिवस घरातल्या सगळ्यांच्या लक्षात असतो. तो तारखेनिशी लिहा.

तुमच्याकडे भाकरीच्या जागी सायकल असेल, तबला असेल, किंवा खडेबाजारात एकटीने जाऊन भाजी घेऊन येणं असेल. सुरुवातीची फजिती आणि शेवटचं जमणं या दोन्ही टोकांचा नेमका प्रसंग तुमच्या हातात असला म्हणजे झालं.

३. नातं जसं होतं तसंच लिहा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वर्षभर ‘काकू’ म्हणणाऱ्या मुलीला निरोपाच्या पत्रात "तुझी भारतातली आई" अशी सही केली की ती गोंधळते. ते पत्र तिची खरी आई वाचणार आहे, हेही लक्षात असू द्या. ती ज्या नावाने हाक मारायची तेच नातं सहीत ठेवा: काकू, काका, दादा, आज्जी, अज्जा. आपल्याकडे अक्का, अण्णा, अव्वा असं चालत असेल तर तसंच लिहा, पुस्तकी करू नका. ती वर्षभर ज्या नात्यात राहिली ते याच शब्दांत आहे.

तिला ‘तू’च म्हणा. पत्र म्हणजे औपचारिक गोष्ट असं वाटून काही घरांत एकदम ‘आपण’ येतं. तिला वाटतं, काहीतरी बिनसलं.

तिच्या आईवडिलांसाठी दोन ओळी असू द्या. त्यांनी वर्षभर मुलगी दूर ठेवली. त्या ओळी पत्राच्या मधे घाला. शेवटी टाकल्या की उरल्यासुरल्या वाटतात.

४. तिला वाचता येईल अशी मराठी लिहा

तिची मराठी कानाने शिकलेली आहे. बोलताना तुम्ही हातवारे करता, तोंडावरून अर्थ कळतो. कागदावर ती मदत नसते. म्हणून एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. "तू आल्यापासून ज्या घरात गोकुळ नांदत होतं ते आता सुनं सुनं होणार" हे वाक्य तिला उलगडायला अर्धा तास लागेल. "तू आलीस. घरात आवाज आला. आता घर शांत होईल." हे ती विमानात वाचेल.

वाक्प्रचारांना जपा. "घर खायला उठेल" हे आपल्याला काळजाला भिडणारं वाटतं. ती शब्द शोधून अर्थ लावेल आणि तिला कळेल की घर उठून खाणार आहे. "नाकात दम आणलास" हे आपण लाडाने म्हणतो, पण वर्षभर तुम्हाला आपला त्रास झाला असं ती समजेल. "जीव लावलास" हाही तसाच अवघड. ती स्वतः वापरत होती ते शब्द मात्र जरूर घाला. तिच्या बोलण्यात ‘ये की’, ‘बस की’, ‘होय की’ आलं असेल तर पत्रातही तोच ‘की’ येऊ द्या. पुण्याच्या पुस्तकातली मराठी तिला ओळखीची नाही, बेळगावची आहे.

अक्षर सुटं आणि मोठं काढा, दोन ओळींत बोटभर जागा सोडा. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, मागची शाई दिसली की अडखळणाऱ्या वाचकाला ओळ सापडत नाही. आजोबांचं वळणदार अक्षर सुंदर असतं, पण ते तिला वाचता येणार नाही. त्यांनी फक्त सही करावी.

आणि आकडे. आपला १ तिला ९ सारखा दिसतो, कारण तिच्याकडचा नऊ बराचसा तसाच असतो. फोन नंबर आणि पत्ता दोन्ही रोमन लिपीत, इंग्रजी आकड्यांत, पाकिटाच्या आत वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. पत्त्यात पिनकोड विसरू नका. शहराचं अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे आणि जुन्या कागदांवर बेळगाम असतं, त्यामुळे तिकडून पार्सल पाठवताना मुलं बुचकळ्यात पडतात. चिठ्ठीवर बेळगावी लिहा, पत्रात वर मात्र घरात म्हणता तेच, बेळगाव.

५. ‘जा’ हा शब्द गाळा

आपल्याकडे घरातून निघणारं माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. कन्नड घरांतही हेच आहे: होगि बा, म्हणजे जाऊन ये. दोन्ही भाषांत निरोपाच्या शब्दातच परत येणं आहे. वर्षभर या भागात राहिलेल्या मुलीने दोन्ही ऐकलेलं असतं, फक्त त्यामागचा अर्थ बहुधा कुणी सांगितलेला नसतो. पत्रात तो एका ओळीत सांगा. समजवायला सोपा आहे आणि तिला तो घरी जाऊन आईला सांगता येतो.

याची दुसरी बाजू म्हणजे "पुढच्या वर्षी नक्की ये", "आम्हाला विसरू नकोस", "रोज फोन कर". सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात तिकिटाचे पैसे नसतात आणि परत गेल्यावर तिची शाळा, मैत्रिणी, परीक्षा सगळं एकदम अंगावर येतं. अशा ओळी तिला कर्जासारख्या वाटतात, आणि फोन चुकला की अपराधी वाटून ती फोनच टाळते. ‘ये की परत’ एवढं पुरे. त्यात तारीख नाही.

६. लिहा: एक पूर्ण नमुना

वरचं सगळं धरून सोनूचं पत्र असं होईल.

> बेळगाव, २८ जून
>
> प्रिय सोनू,
>
> आज पाऊस आहे. तू आलीस तेव्हा पण पाऊस होता. तुझी मोठी बॅग भिजली होती. आज्जीने तुझे कपडे पंख्याखाली वाळत घातले. तू सारखं "सॉरी" म्हणत होतीस.
>
> ऑगस्टमध्ये तू पहिली भाकरी केलीस. ती फाटली. दुसरी पण फाटली. आज्जी म्हणाली, "पाणी गरम नाही." तू म्हणालीस, "अजून एक." त्या दिवशी तू सात भाकऱ्या केल्यास. सात पण फाटल्या. आम्ही सगळ्या खाल्ल्या.
>
> जानेवारीत भोगी होती. तू भाकरीला तीळ लावले. भाकरी फुगली. तू ओरडलीस. शेजारच्या काकू धावत आल्या. अज्जाने ती भाकरी खाल्ली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी अजून एक मागितली. अज्जा असेच आहेत, तुला माहीत आहे.
>
> तुझ्या आईबाबांना आमचा नमस्कार सांग. त्यांनी तुला एक वर्ष आमच्याकडे पाठवलं. हे सोपं नाही. त्यांना तुझ्या हातची भाकरी दे. पाणी गरम घे.
>
> तुझी निळी छत्री दाराजवळ आहे. ती तिथेच राहील.
>
> आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत. "येते" म्हणतात. कारण माणूस परत येतं. शेजारी म्हणतात, "होगि बा." अर्थ तोच.
>
> फोन कर, वेळ असेल तेव्हा. वेळ नसला तरी चालतंय की.
>
> ये.
>
> तुझे,
> काकू, काका, दादा, आज्जी, अज्जा

यात कुठेही ‘प्रेम’ किंवा ‘अविस्मरणीय’ नाही, पण सात फाटक्या भाकऱ्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या हे आहे. छत्रीच्या ओळीत वाट बघणं आहे. ‘पाणी गरम घे’ ही आज्जीची ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा ती थेट सोनूच्या जर्मनीतल्या स्वयंपाकघरात पोचते. तुमच्या पत्रात अशी एखादी ओळ दोनदा येऊ शकते का, बघा. बहुतेक ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडची असते.

लांबी एवढीच ठेवा, एक पान. प्रत्येकाला स्वतंत्र लिहायचं असेल तर दुसऱ्या कागदावर प्रत्येकी तीन ओळी.

एक गोष्ट पत्रात येऊ देऊ नका: भांडण, आजारपण, घरच्या आठवणीने रडलेल्या रात्री, कुणा मुलावरून झालेली चेष्टा. तुम्ही ते मायेने लिहाल, पण पत्र तिकडे आजीपासून वर्गशिक्षिकेपर्यंत फिरतं.

७. लिहून झाल्यावर ऐकून बघा

तिच्याइतकीच मराठी येणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. गल्लीतला पाचवीत शिकणारा कन्नड माध्यमाचा मुलगा यासाठी अगदी योग्य. तो जिथे अडखळेल तिथे तीही अडखळेल. ते वाक्य तोडा किंवा शब्द बदला.

मग आज्जीला पत्र मोठ्याने वाचायला सांगा आणि रेकॉर्ड करा. वाचता येत नसेल तर दादाने एकेक वाक्य सांगावं, आज्जीने म्हणावं. घाई नको, वाक्यामागे श्वास घेतला तरी चालेल. मागे कुकरची शिट्टी वाजली तर ती राहू द्या. सहा महिन्यांनी मुलीची मराठी वाचायची सवय मोडते, कानाची तेवढी लवकर मोडत नाही. तेव्हा ही रेकॉर्डिंग आणि कागद समोर धरून ती पत्र पुन्हा वाचू शकते. एवढ्याचसाठी आवाज आणि कागद यांतला मजकूर शब्दाला शब्द सारखा पाहिजे. आज्जीला मधे काही सुचलं आणि ती बोलली, तर तेही कागदावर लिहून टाका.

८. कधी आणि कसं द्यायचं

विमानतळावर देऊ नका. सांबऱ्याला निघायची घाई असते, आणि गोव्याहून विमान असलं तर चोर्ला घाटात पावसाने किती वेळ जाईल सांगता येत नाही, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. निघायच्या दोन दिवस आधी, रात्रीच्या जेवणानंतर, घरातलेच असताना द्या. तिला विचारायचं असेल ते विचारता येतं: हा शब्द काय, ते अक्षर कुठलं. निरोप समारंभात माईकवर वाचून दाखवायचा आग्रह कुणी केला तर नको म्हणा. तिथे वेगळं दोन मिनिटांचं बोला.

निघायच्या दिवशी हळदीकुंकू लावून हातावर दही द्या, पण पत्र तेव्हा परत घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि हातातल्या बॅगेत पासपोर्टजवळ ठेवा. मोठी बॅग विमान बदलताना मागे राहू शकते, आणि जूनच्या पावसात धावपट्टीवर ठेवलेली बॅग भिजते.

पत्राबरोबर कुंदा द्यायची सगळ्यांची इच्छा असते. जर्मनीसह युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सापडला तर डबा विमानतळावरच काढून घेतात, आणि एवढ्या लांबच्या प्रवासानंतर तिचं पहिलं पाऊल तपासनिसासमोर पडतं. कुंदा दोन दिवस आधी इथेच पोटभर खाऊ घाला. दुसऱ्या देशाची मुलगी असेल तर त्या देशाचे नियम कार्यक्रमाच्या समन्वयकाला विचारून घ्या.

पत्राचा किंवा तिचा फोटो, विमानाची वेळ, हे स्टेटसला टाकू नका. ती अजून अठरा वर्षांची नाही, आणि तिच्या आईवडिलांची परवानगी तुमच्याकडे नाही.

९. ती पोचल्यानंतर

पोचल्याचा निरोप आला की एका ओळीत उत्तर द्या आणि दोन-तीन आठवडे तिला तिच्या घरात रुळू द्या. परत गेलेल्या मुलांना स्वतःचंच घर काही दिवस परकं वाटतं: जेवण लवकर होतं, रस्ते गप्प असतात, दार वाजवल्याशिवाय कुणी येत नाही. या काळात तुमचे रोज पाच फोटो गेले तर तिचा एक पाय इकडेच अडकून राहतो.

फोन करायचा तर वेळ बघा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं बदलली की साडेचार तास. आपली रात्रीची साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिची संध्याकाळची पाच, शाळेतून येऊन बसलेली असते. पहिला मोठा फोन गणपतीला करा. आरती चालू असताना नको, आवाजात काही कळत नाही. आरती झाल्यावर प्रसाद वाटताना करा आणि फोन आज्जीच्या हातात द्या. तिने पाणी गरम घेतलं होतं का, ते आज्जीच विचारेल.